टीमच उरणार नाही, तेव्हा निरोपाचा मेल कुणाला?

१७ जुलै २०१४ या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या फोन विभागातल्या कर्मचाऱ्यांना त्यांचे प्रमुख स्टीफन एलोप यांचा मेल आला. 'हेलो देअर' अशी सलगीची सुरुवात. मग कंपनीचं धोरण, बाजारातलं स्थान, महागड्या आणि स्वस्त फोनांची आखणी, असं बरंच काही. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी एप्रिलमध्ये नोकियाचा फोनव्यवसाय विकत घेतला होता, त्यामुळे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता: आपलं काय होणार? त्याचं उत्तर हजारांहून अधिक शब्दांच्या त्या मेलमध्ये अकराव्या परिच्छेदात सापडलं. सुमारे १२,५०० जणांना नारळ मिळणार होता.

फिनलंडमधल्या औलू शहरातल्या अभियंत्यांच्या वाट्याला तर एवढंही आलं नाही. त्यांचं काम हळूहळू बंद होणार, ही बातमी गावांच्या एका यादीत दडलेली होती. साळोमध्ये महागडे फोन, ताम्परेमध्ये स्वस्त फोन, औलूतलं काम आवरतं घ्यायचं, हंगेरीतल्या कोमारोमच्या कारखान्यातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडायचं. अख्खी शाखा बंद होत असल्याचं तिथल्या माणसांना अर्ध्या वाक्यात कळलं. त्याच दिवशी सत्या नडेला यांनी सगळ्या कंपनीला पाठवलेल्या मेलमध्ये मात्र १८,००० हा एकूण आकडा सुरुवातीलाच होता. बातमी दोन्हीकडे तीच आणि वाईटच. पण एलोप यांच्या मेलची पुढे कित्येक दिवस जगभर टिंगल झाली, आणि वाईट बातमी कशी सांगू नये याचा नमुना म्हणून तो आजही दाखवला जातो.

हा मेल वरून खाली आलेला. या लेखाचा विषय आहे त्यानंतरचा, खालच्या माणसांनी एकमेकांना लिहायचा मेल. पण दोन्हींचा संबंध जवळचा आहे. वरचा मेल जेवढा गुळमुळीत, तेवढं खालच्या मेलवरचं ओझं जास्त. नेमकं काय बंद होतंय, कधी आणि कुणासाठी, हे वरून स्पष्ट आलं नसेल तर ते टीमला स्वतःच लिहून ठेवावं लागतं.

एकटा माणूस नोकरी सोडतो तेव्हाचा निरोपाचा मेल सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आज माझा शेवटचा दिवस, इथे खूप शिकायला मिळालं, अमक्याचे आणि तमक्याचे आभार, माझं काम आता फलाणे बघतील, संपर्कात राहू या, खाली मोबाइल नंबर. चार वाजता पॅन्ट्रीत समोसे. हा साचा चालतो, कारण त्यामागे एक गृहीतक असतं: जाणारा एक आहे आणि मागे राहणारे पुष्कळ. काम घ्यायला कुणीतरी आहे, मेलला उत्तर द्यायला कुणीतरी आहे, आणि वर्षभराने कुणी चौकशी केली तर 'हो, तो आमच्याकडे होता' असं सांगायलाही कुणीतरी आहे.

कंपनी पूर्ण युनिटच बंद करते तेव्हा हे गृहीतकच कोसळतं. पाठवणारा आणि घेणारे एकाच महिन्यात बाहेर पडतात. 'माझं काम आता फलाणे बघतील' या वाक्यातले फलाणेही खोकी भरत असतात. काही आठवड्यांत सगळ्यांचे इनबॉक्स बंद होतात आणि त्या सगळ्यांना जोडणारी डिस्ट्रिब्युशन लिस्टही पुसली जाते. तरीही बहुतेक जण जुन्याच साच्यातला मेल आपापल्या शेवटच्या संध्याकाळी आपापला पाठवतात. परिणाम असा की पहिल्या तुकडीत गेलेल्यांना शेवटच्या तुकडीचे पत्ते कधीच मिळत नाहीत, आणि शेवटच्या तुकडीचा मेल निम्म्या बंद खात्यांवर आदळून परत येतो.

काहींना मेल लिहायची संधीही मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना एका गुरुवारी संध्याकाळी कळवलं गेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत प्रत्येकाला एक मेल येईल. नोकरी टिकली असेल तर तो कंपनीच्या खात्यावर येईल, गेली असेल तर वैयक्तिक खात्यावर. म्हणजे मजकूर वाचायच्या आधी, तो कुठल्या इनबॉक्समध्ये पडला यावरूनच निकाल कळणार होता. कित्येकांचे लॅपटॉप तर मेल येण्याआधीच बंद पडले. त्या रात्री निरोप घेतले गेले ते सलाम करणाऱ्या पिवळ्या इमोजीने आणि ट्विटरवरच्या एका हॅशटॅगने. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० जणांना कमी केलं, तेव्हा अमेरिकेतल्या अनेकांना सकाळी उठल्यावर खातं उघडेना, तेव्हाच काय झालं ते उमगलं. सुंदर पिचाई यांच्या त्याच मेलमध्ये, इतर देशांमध्ये तिथल्या कायद्यांमुळे या प्रक्रियेला जास्त वेळ लागेल, असंही म्हटलं होतं.

युनिट बंद होण्याचं प्रकरण बहुधा इतकं तडकाफडकी नसतं, आणि मेलच्या दृष्टीने ही एक सोय आहे. काम दुसऱ्या देशात हलवायचं असतं, ग्राहक दुसऱ्या शाखेकडे सोपवायचे असतात, यंत्रं आणि लॅपटॉप मोजून परत द्यायचे असतात. म्हणून माणसं टप्प्याटप्प्याने सोडली जातात, ज्याला कंपन्या 'वेव्ह' म्हणतात. घोषणा आणि शेवटचा माणूस यांच्यात दोन-तीन महिने जातात. निरोपाचा मेल या मधल्या काळात कधी जातो, यावर त्याचा निम्मा उपयोग ठरतो.

एक काल्पनिक पण नेहमीच्या अनुभवाला धरून असलेलं उदाहरण घेऊ. हिंजवडीत १९ जणांची एक टीम आहे. युरोपातल्या एका कंपनीच्या गोदामांचं सॉफ्टवेअर ती नऊ वर्षं सांभाळते आहे. ३ फेब्रुवारीला घोषणा होते: पुण्याचं युनिट बंद, काम पोलंडच्या शाखेकडे. चाचणी करणारे सात जण २८ फेब्रुवारीला जाणार, आठ प्रोग्रॅमर ३१ मार्चला, आणि काम हस्तांतरित करायला थांबलेले चौघे ३० एप्रिलला. तीन तुकड्या, तीन शेवटचे दिवस. पण सगळ्यांची खाती चालू असतील असा एकच कालखंड आहे, तो म्हणजे ३ ते २८ फेब्रुवारी. टीमचा मेल या काळातच जायला हवा, तोही अगदी शेवटच्या दिवशी नाही. २४ किंवा २५ तारखेला गेला तर लोकांना उत्तरं लिहायला तीन-चार दिवस मिळतात. शेवटच्या शुक्रवारी लॅपटॉप जमा करणं, फॉर्म भरणं आणि एचआरशी बोलणं यातच दिवस संपतो, आणि कित्येक ठिकाणी खातं संध्याकाळी सहाची वाट न पाहता दुपारीच बंद होतं.

मेल कुणी लिहायचा? टीमच्या प्रमुखाने, असं सहज वाटतं. पण प्रमुख बऱ्याचदा शेवटच्या तुकडीत असतो आणि त्याला वरचा दबाव सांभाळायचा असतो. त्यापेक्षा सगळ्यात जुन्या दोन-तीन जणांनी मसुदा करावा आणि प्रमुखाने तो एकदा वाचावा, हे जास्त सोयीचं. प्रमुखाने वाचण्याचं कारण भावनिक नाही. ग्राहकांची नावं, करारातली माहिती, अजून जाहीर न झालेल्या तारखा मजकुरात चुकून येऊ नयेत, म्हणून. 'युरोपातली सात गोदामं' हे लिहायला हरकत नाही. त्या गोदामांची नावं बहुधा लिहिता येत नाहीत.

असले मेल आपल्याकडे इंग्रजीतच जातात. आपल्या हिंजवडीच्या टीमचा मेल मराठीत लिहिला, तर तो साधारण असा होईल:

विषय: गोदाम-प्रणाली टीम, पुणे : १९ जणांचा निरोप आणि पुढचे पत्ते

सर्वांना नमस्कार,

पुण्याचं युनिट बंद होत असल्यामुळे आपल्या टीमची १९ ही पदं संपत आहेत. पहिली तुकडी २८ फेब्रुवारीला, दुसरी ३१ मार्चला आणि शेवटची ३० एप्रिलला बाहेर पडेल. त्यानंतर या लिस्टवर कुणीही नसेल.

गेली नऊ वर्षं सात गोदामांची आवक-जावक आपण सांभाळली. २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरून काम करत असताना रात्रपाळी एकदाही मोकळी राहिली नाही. बारकोडचा भाग तिघांनी शून्यातून उभा केला. साठामोजणीची जुनी प्रणाली बंद करून नवी आणण्याचं काम पाच जणांनी चौदा महिने केलं. चाचणीचं सगळं वेळापत्रक सात जणांच्या जोरावर चाललं. कुणी काय केलं त्याची नावानिशी यादी खाली आहे. चूक असेल तर गुरुवारपर्यंत सांगा.

२८ फेब्रुवारीनंतर चाचणीचे प्रश्न, आणि ३१ मार्चनंतर बाकीचे सगळे प्रश्न पोलंडच्या मदत कक्षाकडे पाठवायचे आहेत. तिथला पत्ता खाली दिला आहे.

ज्यांनी होकार दिला त्यांचे वैयक्तिक ईमेल आणि मोबाइल नंबर सोबत आहेत. ज्यांचे नाहीत त्यांनी या मेलला सर्वांना उत्तर देऊन कळवावं.

असा मेल कोरडा वाटेल. पण त्यातलं प्रत्येक वाक्य विचारपूर्वक आलेलं आहे, आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टींवर थोडं थांबायला हवं.

पहिली म्हणजे 'पदं संपत आहेत' ही शब्दयोजना. एकट्याच्या निरोपाच्या मेलमध्ये 'नव्या संधीसाठी कंपनी सोडतो आहे' असं लिहायची पद्धत आहे, आणि सवयीने माणसं युनिट बंद होतानाही तेच लिहितात. जरा स्वाभिमानाने बाहेर पडल्यासारखं वाटतं. पण ते खरं नसतं आणि पुढे अडचणीचंही ठरू शकतं. भारतात कर्मचारी कमी करताना काही कंपन्या लोकांकडून राजीनामे लिहून घेतात, अशा तक्रारी वरचेवर होतात. पुण्यातून चालणारी आयटी कर्मचाऱ्यांची 'नाइट्स' ही संघटना अशा सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे वारंवार नेते. ज्याच्या भरपाईचा वाद अजून चालू आहे, त्यानेच 'मी नव्या संधीसाठी जातो आहे' असं चारशे लोकांना लिहून पाठवलं, तर समोरच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. 'युनिट बंद होत असल्यामुळे माझं पद संपत आहे' हे वाक्य खरंही आहे आणि सुरक्षितही. पुढच्या मुलाखतीतही तेच सांगायचं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट, 'सर्वांना उत्तर द्या'. एरवी कार्यालयात रिप्लाय ऑल हा गुन्हा समजला जातो, आणि त्याला कारणही आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार जणांना गेला आणि 'मला यातून काढा' असं सर्वांना उत्तर देणाऱ्यांनी सगळी यंत्रणा जाम केली. म्हणून शहाणी माणसं निरोपाच्या मेलमध्ये सगळ्यांना बीसीसीमध्ये टाकतात. विसर्जित होणाऱ्या टीमने मात्र टीमपुरतं नेमकं उलट करायचं. १९ जण 'टू'मध्ये, उघड. त्या दिवशी उत्तरांची माळ लागली तर लागू द्यावी, कारण प्रत्येक उत्तरातून एक पत्ता किंवा विसरलेलं एक नाव समोर येतं. 'बारकोडच्या यादीत २०१८ ला सोडून गेलेल्या त्या दोघी राहिल्या' असं कुणीतरी लिहितंच. बीसीसी ठेवायचा तो बाहेरच्यांसाठीच्या मेलमध्ये.

तो बाहेरचा मेल वेगळाच करावा. इतर शाखांतले सहकारी, ग्राहकाकडची माणसं, पुरवठादार यांना टीमच्या आठवणी नको असतात. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: कधीपासून, पुढे कुणाशी बोलायचं, आणि चालू असलेल्या कामांचं काय. पोलंडमधला जो माणूस काम घेणार आहे त्याला या मेलमध्ये सीसीत ठेवलं, म्हणजे पहिला प्रश्न थेट त्याच्याकडे जातो. दोन मेल एकत्र केले की बहुधा दोन्ही बिघडतात. ग्राहकाला रात्रपाळीच्या आठवणी वाचाव्या लागतात आणि टीमला औपचारिक आभार.

यादीत नावं कुणाची घ्यायची, यावरही विचार व्हावा. कार्यालयाच्या मेलची व्याप्ती कंपनीच्या खात्यांपुरती असते. पण हिंजवडीच्या त्या मजल्यावर सुरक्षारक्षक असतात, सफाई करणाऱ्या मावशी असतात, पॅन्ट्रीतला मुलगा असतो, रात्रपाळीच्या टॅक्सीचे चालक असतात. ते कंत्राटदाराकडे नोकरीला असतात. कंपनीचा मेल त्यांना येत नाही आणि युनिट बंद होण्याची भरपाईही त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. एलोप यांच्या मेलमधल्या औलूच्या अभियंत्यांना निदान अर्धं वाक्य तरी मिळालं होतं. या माणसांना बातमी कळते ती शेवटच्या आठवड्यात खोकी दिसायला लागल्यावर. टीमच्या मेलमध्ये त्यांचे आभार मानणं ठीकच आहे, पण ते आभार त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. तारीख कळल्याबरोबर कुणीतरी त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणं त्यांच्या जास्त उपयोगाचं असतं, म्हणजे त्यांनाही दुसरीकडे ड्युटी मागायला महिनाभर मिळतो.

पत्त्यांच्या यादीबद्दल एक इशारा आवश्यक आहे. उत्साहाच्या भरात कुणीतरी कंपनीच्या निर्देशिकेतून सगळ्यांचे नंबर काढून स्वतःच्या जीमेलवर पाठवतो. कंपन्यांच्या यंत्रणा बाहेर जाणाऱ्या अशा फायलींवर लक्ष ठेवून असतात, आणि घोषणा झाल्यानंतरच्या दिवसांत तर जास्तच. निरोपाच्या आठवड्यात माहितीचोरीची चौकशी ओढवून घेण्यासारखं दुसरं दुर्दैव नाही. यादी माणसांना विचारून, त्यांनी स्वतः दिलेल्या वैयक्तिक पत्त्यांची करावी, आणि ती आपापल्या फोनमध्ये ठेवावी. काहींना यादीत यायचं नसतं. तेही मान्य करावं. कामाच्या फायली, कोड, ग्राहकांची पत्रं यातलं काहीही सोबत न्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी दर वेळी कुणीतरी नेतोच.

संमतीने केलेली अशी यादी मोठ्या प्रमाणावर कशी दिसते, हे एअरबीएनबीने दाखवलं. ५ मे २०२० रोजी, कोविडमध्ये प्रवास थांबलेला असताना, ब्रायन चेस्की यांनी कंपनीला पत्र लिहिलं. ७,५०० पैकी सुमारे १,९०० जणांना जावं लागणार होतं. काही व्यवसाय पूर्ण थांबवले जात होते, काही आखडते घेतले जात होते. नोकरकपात होत असल्याचं पत्रात सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि कुठले व्यवसाय थांबणार तेही आडपडदा न ठेवता. पुढे बाहेर पडणाऱ्यांसाठी एक सार्वजनिक सूची असेल असं जाहीर केलं होतं. ज्याची इच्छा असेल त्याने आपली माहिती आणि कामाचे नमुने तिथे ठेवायचे. नव्या भरतीसाठी नेमलेल्या लोकांपैकी काहींनी वर्ष संपेपर्यंत या माणसांना नोकऱ्या शोधून देण्याचं काम करायचं. लॅपटॉपही ज्याचा त्याला ठेवू दिला. त्या पत्राचं कौतुक झालं ते भाषेसाठी, पण वाचणाऱ्याच्या हाती पडली ती सूची, आणि ती बनवायला कंपनी लागतेच असं नाही. १९ जणांची टीम ती एका मेलमध्ये करू शकते.

याच्या अगदी उलट अनुभव गूगलच्या गेम बनवणाऱ्या स्टुडिओंचा. फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या तारखेला स्टेडियाचे माँट्रियल आणि लॉस एंजेलिस इथले स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली. त्याच्या आठवडाभर आधी प्रमुख फिल हॅरिसन यांच्याकडून त्याच माणसांना उत्तम प्रगतीबद्दल शाबासकीचा मेल गेला होता, असं नंतर बातम्यांत आलं. अशा वेळी टीमच्या स्वतःच्या मेलमध्ये रागाचे दोन शब्द येणं अगदी साहजिक आहे. तरी ते त्यात घालू नयेत, कारण हा मेल बहुधा टीमच्या बाहेर जातो. कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, आणि पुढची नोकरी देणाऱ्याच्या हातात पडणारा तो पहिला कागद असू शकतो. राग व्यक्त करायला रात्री उशिरापर्यंत चालणारं जेवण असतंच.

टीमच्या प्रमुखाला वेगळं काम आहे, आणि ते सामुदायिक मेलमधून होत नाही. त्याने प्रत्येकाला स्वतंत्र मेल लिहावा, प्रत्येकाच्या वैयक्तिक पत्त्यावर, सहा-आठ ओळींचा. त्यात कौतुकापेक्षा तपशील असावा: हुद्दा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या कामाची जबाबदारी, आणि पुढे कुणी चौकशी केली तर मला या नंबरवर फोन करा. आपल्याकडे नव्या कंपन्या माणूस घेताना जुन्या नोकरीची पडताळणी करतात. त्यासाठी त्यांची एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला मेल पाठवते. युनिट बंद झालेलं असतं, पुण्याच्या एचआरचं खातंही पुसलेलं असतं, आणि युरोपातल्या मुख्य कार्यालयात या माणसाला ओळखणारं कुणी नसतं. एजन्सी मग 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा मारते. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात असेल तर बाजू भक्कम राहते, पण ज्याने प्रत्यक्ष काम पाहिलं त्याचा फोन नंबर असला, की एका कॉलमध्ये प्रश्न सुटतो.

एचआरकडून काय मागून घ्यायचं, हेही टीमच्या मेलखाली एका परिच्छेदात लिहून टाकणं उपयोगी पडतं, कारण तोवर एचआरची माणसंही आपल्याच शेवटच्या दिवसाकडे बघत असतात. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, पूर्ण आणि अंतिम हिशोबाचा कागद. आणि फॉर्म १६ पुढे कुठून मिळणार, याचा पत्ता. तो आर्थिक वर्ष संपल्यावर जूनच्या सुमारास येतो, तोवर युनिटच्या दारावरची पाटीही उतरलेली असते.

याच आठवड्यात आणखी एक साधी तपासणी करावी, जी हमखास राहून जाते. लिंक्डइन, बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी कशाकशाला कार्यालयाचा ईमेल किंवा कंपनीने दिलेला मोबाइल नंबर जोडलेला आहे, ते पाहायचं. संपर्कात राहू म्हणून ज्याने लिंक्डइनचा दुवा दिला, त्याचंच लिंक्डइन कार्यालयाच्या ईमेलवर उघडलेलं असतं, आणि पासवर्ड विसरल्यावर नवा पासवर्ड मेलेल्या इनबॉक्सकडे जात राहतो. खातं चालू असेपर्यंत हे बदलायला पाच मिनिटं लागतात. नंतर काही वेळा महिने लागतात.

खाती बंद झाल्यावर काय होतं, याबद्दल लोकांमध्ये एक समजूत असते की सगळं कुठेतरी जपून ठेवलेलं असतं. तसं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन सेवेत पुसलेलं खातं साधारण ३० दिवस परत आणता येतं, गूगलच्या सेवेत २० दिवस. कंपनीने वेगळी व्यवस्था केलेली नसेल, तर त्यानंतर ते कायमचं जातं. शेवटच्या तुकडीतल्या चौघांनी म्हणूनच आपापल्या खात्यांवर स्वयंचलित उत्तर लावून ठेवावं, त्यात पोलंडच्या मदत कक्षाचा पत्ता द्यावा. ते खातं जिवंत असेपर्यंत चालतं. त्यानंतर ग्राहकाला 'पत्ता अस्तित्वात नाही' असा यांत्रिक निरोप मिळतो, आणि बाहेरचा मेल वेळेत गेला असेल तर तोवर त्याने तो पत्ता वापरणं सोडलेलं असतं.

टीम पांगल्यावर तो वैयक्तिक पत्त्यांचा गट मात्र चालू राहतो, बहुधा व्हॉट्सॲपवर. पहिल्या महिन्यात त्यात नोकऱ्यांच्या जाहिराती येतात, मग वाढदिवस. कामाचा असा एक निरोप त्यात दोन महिन्यांनी टाकावा, आणि त्याची जबाबदारी आधीच कुणा एकावर सोपवावी. प्रत्येकाने भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएन क्रमांकाने जाऊन नोकरीचा इतिहास पाहायचा. त्यात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख असते, आणि कंपनीची माणसं नसताना हाच इतिहास सगळ्यात विश्वासाचा पुरावा ठरतो. सोडण्याची तारीख भरणं मालकाचं काम असतं, पण युनिट बंद होण्याच्या गडबडीत ती कोरी राहू शकते, आणि मग पैसे काढणं किंवा खातं नव्या नोकरीकडे वळवणं अडतं. जानेवारी २०२० पासून ही तारीख कर्मचाऱ्याला स्वतःही भरता येते, मात्र शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिने उलटल्यावर. त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर स्वतःचा असायला हवा. आपल्या उदाहरणातल्या सात चाचणीकारांसाठी ही वेळ एप्रिलच्या अखेरीनंतर येते, आणि शेवटच्या चौघांसाठी जूनच्या अखेरीनंतर.